केळीचं पान दोनदा: एका जुन्या डीव्हीडीवरचं कार्टून आणि चित्रण मोठं करताना ठेवलेल्या नोंदी

७ एप्रिल २०२५, जळगाव

हाती आलेला माल: एक डीव्हीडी. तिच्यावर १४ मिनिटांचं हातानं काढलेलं अहिराणी कार्टून आहे. त्याच्या पाठोपाठ रावेरकडच्या केळीच्या बागेत कॅमेऱ्यानं घेतलेलं ९ मिनिटांचं चित्रण आहे, त्यात एक आजोबा घड कसा उतरवायचा ते सांगतात. मूळ टेप आता मिळत नाही, त्यामुळे ही डीव्हीडी हेच आपलं मूळ. दोन्ही भाग १०८० ओळींपर्यंत न्यायचे आहेत.

फाइल ७२० बाय ५७६ ची, सेकंदाला २५ फ्रेम, एमपीईजी-२. रंगाच्या कडांवर बारीक ठिपक्यांची रांग सरकताना दिसते. म्हणजे टेपवरून डीव्हीडी करताना चित्र एकाच पिवळ्या वायरीतून, कंपोझिटमधून आलं आहे. त्या वायरीत उजेड आणि रंग एकत्र जातात आणि पुढे वेगळे करताना थोडे मिसळलेले राहतात. कार्टूनमध्ये हे जास्त उठून दिसतं, कारण काळी रेघ आणि शेजारचा भडक रंग यांच्यात मधली पायरीच नसते.

दोन्ही भागांत केळीचं पान आहे. एकात शाईच्या रेघेनं काढलेलं, मधली शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना समांतर शिरा. दुसऱ्यात खरं, वाऱ्यानं फाटून पट्ट्या झालेलं. यापुढची प्रत्येक चाचणी या दोन पानांवर करायची असं ठरलं. कार्टूनमधला शॉट ४१ (६ सेकंद, १५० फ्रेम) आणि चित्रणातला बागेचा पहिला शॉट.

८ एप्रिल

मोठं करायच्या आधीच दोन्ही भागांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ffmpeg चा इंटरलेसिंग ओळखणारा `idet` फिल्टर लावून पाहिला:

```
ffmpeg -i src.mkv -vf idet -an -f null -
```

चित्रणाचा भाग खराखुरा इंटरलेस्ड आहे. एका फ्रेममधल्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या आहेत, सेकंदाला ५० क्षण. कार्टूनमध्ये तसं काही नाही. तिथे एक फ्रेम स्वच्छ दिसते, पुढच्या फ्रेमला कंगव्याचे दात येतात, मग परत स्वच्छ. हा नमुना ओळखीचा आहे. कार्टून 'दोनावर' काढलेलं आहे, म्हणजे प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकतं. दोन फ्रेम म्हणजे चार अर्ध्या फ्रेमा. टेप उतरवताना जोडी एका अर्ध्या फ्रेमनं सरकली, त्यामुळे दर दुसऱ्या फ्रेममध्ये आधीच्या चित्राचं अर्धं आणि पुढच्या चित्राचं अर्धं एकत्र आलं.

इथे साधा डीइंटरलेस फिल्टर लावला तर नुकसान होतं. तो अर्ध्या ओळी फेकतो आणि उरलेल्यांवरून अंदाजानं भरतो. आडव्या-तिरप्या रेघेला लगेच पायऱ्या पडतात, आणि ५७६ ओळींत मुळात दोन-तीन पिक्सेलची असलेली रेघ त्या पायऱ्यांतून पुढे चित्र मोठं करणारं कुठलंही एआय मॉडेल सरळ करू शकत नाही. योग्य काम म्हणजे चुकलेल्या जोड्या जुळवणं. दोन्ही अर्ध्या ओळी फाइलमध्ये आहेतच, शेजारच्या फ्रेममध्ये गेल्या आहेत इतकंच.

```
ffmpeg -i toon.mkv -vf "fieldmatch=order=tff:combmatch=full,bwdif=deint=interlaced" -c:v ffv1 toon_p.mkv
ffmpeg -i live.mkv -vf "bwdif=mode=send_field" -c:v ffv1 live_50p.mkv
```

पहिल्या आज्ञेतला `bwdif` फक्त जोडी न सापडलेल्या फ्रेमांसाठी आहे. शॉट बदलतो तिथे अशा मोजक्या फ्रेमा राहिल्या. दुसऱ्या आज्ञेत चित्रणाचे पन्नासही क्षण वेगळे केले, कारण आजोबांचा हात कोयता फिरवतो ती हालचाल त्या पन्नासांतच आहे.

११ एप्रिल

पहिली चाचणी सर्वसाधारण मॉडेलवर, `realesrgan-x4plus`. हे फोटोंवर शिकवलेलं मॉडेल आहे. चित्रणावर त्याचं काम बघण्यासारखं झालं, त्याबद्दल पुढे लिहितो. कार्टूनच्या पानावर मात्र जे झालं ते जवळून पाहिलं पाहिजे.

चारपट मोठी केलेली फ्रेम उघडून पानाच्या मधल्या शिरेवर गेलो. मूळ चित्रात ती एक काळी रेघ आहे, बुडाशी जाड, टोकाकडे बारीक. मॉडेलच्या चित्रात ती सुंभाच्या दोरीसारखी झाली. आत पिळ दिसतात, कडेला तंतू सुटले आहेत. पानाचा हिरवा रंग मुळात एकसारखा सपाट आहे, त्यावर कातडीसारखी रवाळ जाळी उमटली. रेघेच्या दोन्ही बाजूंना अंधुक दुसरी रेघ आली, जणू कुणी आधी पेन्सिलनं काढून मग शाई फिरवली आहे.

कारण असं. फोटोत कुठलाही भाग पूर्ण सपाट नसतो. पान असो, माती असो, कापड असो, प्रत्येकाला पोत असतो आणि छोट्या चित्रात तो हरवलेला असतो. फोटोंवर शिकलेलं मॉडेल हेच शिकतं, की इथे काहीतरी हरवलं आहे, संभाव्य असेल ते भरायचं. कार्टूनच्या हिरव्यात काहीच हरवलेलं नाही. तिथे सापडतो तो फक्त एमपीईजी-२ चा कचरा. हा कोडेक चित्राचे आठ बाय आठचे चौकोन करून दाबतो आणि काळी रेघ ज्या चौकोनातून जाते, त्या सगळ्या चौकोनात बारीक लहरी उठतात. मॉडेल त्या लहरींना पोत समजतं आणि मेहनतीनं मोठं करतं. अंधुक दुसरी रेघ तीच.

दुसरी गोष्ट रेघेच्या स्वभावाची. फोटोत कड म्हणजे दोन वस्तूंमधली सीमा, अलीकडे एक रंग आणि पलीकडे दुसरा. शाईची रेघ म्हणजे दोन-तीन पिक्सेलांच्या अंतरावर पाठीला पाठ लावलेल्या दोन कडा. पुष्कळदा दोन्हीकडचा रंगही एकच असतो, जसा या पानात. फोटोंत असा प्रकार विरळा. तारा, केस, काड्या एवढंच. म्हणून मॉडेलला ही रेघ दोरी किंवा केस वाटते.

१२ एप्रिल

आता उलट चाचणी. बागेच्या खऱ्या पानावर `realesrgan-x4plus-anime`. फाटलेल्या पट्ट्या सपाट हिरव्या डागांत वितळल्या आणि डागांभोवती गडद किनार आली. आजोबांच्या कपाळाच्या सुरकुत्या शाईनं ओढल्यासारख्या झाल्या, हनुवटीवरचे पांढरे खुंट पूर्ण गेले. हे मॉडेल बरोब्बर उलटं शिकलं आहे, की कडांच्या मधे जे बारीक हलतं ते घाण, ते पुसायचं.

दोन्ही मॉडेलं एकाच घराण्यातली, २०२१ च्या रिअल-ईएसआरगॅनची. फरक कशावर शिकवलं यात आहे, आणि आकारात. सर्वसाधारण मॉडेलच्या जाळ्यात थरांचे २३ गठ्ठे आहेत, कार्टूनवाल्यात ६. फाइलही सुमारे ६४ एमबी आणि १७ एमबी. रेघ आणि सपाट रंग एवढंच जग असेल तर लहान जाळंही पुरतं. शिकवताना स्वच्छ रेखाचित्रं घेऊन ती मुद्दाम धूसर करतात, छोटी करतात, दाबतात, त्यांवर लहरी उठवतात, आणि या खराब प्रतीवरून मूळ स्वच्छ चित्र काढायला लावतात. म्हणून रेघेशेजारची लहर म्हणजे कचरा हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. २०१५ मध्ये आलेलं वायफू२एक्ससुद्धा याच कारणानं रेखाचित्रांवर वेगळं शिकवलं होतं.

१६ एप्रिल

शॉट ४१ वर कार्टूनसाठीची तीन मॉडेलं लावली. निकाल थोडक्यात:

`realesrgan-x4plus-anime` ची रेघ सर्वांत कडक. पण मूळ रेघ मोजली तर अडीच पिक्सेल, म्हणजे दुपटीला पाच हवी. इथे सातच्या आसपास भरली. जाड झाली आणि बुडापासून टोकापर्यंत एकसारखी झाली.

`realesr-animevideov3` व्हिडिओसाठी केलेलं छोटं मॉडेल आहे. वेगवान आहे आणि फ्रेम ते फ्रेम कमी थरथरतं. पण पानाच्या बारीक शिरा मऊ पडल्या.

रिअल-कुगॅन, २०२२ चं. यात घाण किती पुसायची ते ठरवता येतं. `-n -1` ही सर्वांत सावध पातळी, `3` सर्वांत आक्रमक. सावध पातळीवर रेघेची जाडी जवळपास मुळाइतकी राहिली, लहरीही बऱ्याच गेल्या.

ज्यांनी हे कार्टून काढलं ते चित्रकार आबा आज तिन्ही पाहायला आले. पहिल्यावर बोट ठेवून म्हणाले, "हाई रेघ मनी नही." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ब्रश दाबून सुरू करायचा आणि टोकाला उचलायचा, ही त्यांची पद्धत मॉडेलनं पुसून टाकली होती. यापुढे जाडी मोजणं हा प्रत्येक शॉटच्या तपासणीचा भाग. रेघेला आडवा छेद देऊन तीन जागी मोजायचं: बुड, मध्य, टोक. तिन्ही आकडे एक आले की मॉडेल खोटं बोलतं आहे.

पुढचं काम रिअल-कुगॅनवर.

२१ एप्रिल

स्थिर फ्रेम चांगली, पण व्हिडिओ चालवला की रेघ उकळते. कार्टूनमधला मुलगा नुसता उभा आहे, चित्र दोन फ्रेम तेच आहे, तरी त्याच्या सदऱ्याची कड बुडबुडल्यासारखी हलते. दोन्ही फ्रेमांत चित्र एकच, पण त्यावरची घाण वेगळी. मॉडेल प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे पाहतं, म्हणून त्याच रेघेचे दोन किंचित वेगळे अर्थ लावतं. चित्रणात असं झालं तर ते हालचालीत आणि रव्यात मुरून जातं. कार्टूनमध्ये रेघ स्थिर असणं अपेक्षित असतं, म्हणून डोळा लगेच पकडतो.

उपाय: एक चित्र एकदाच मोठं करायचं. शॉट ४१ मध्ये १५० फ्रेम म्हणजे ७५ चित्रं. जोडीची सरासरी काढायची, ती एक प्रतिमा मॉडेलला द्यायची आणि परत येताना दोन फ्रेम टिकवायची.

```
ffmpeg -i shot_041.mkv -vf "crop=704:576,tmix=frames=2,select='mod(n,2)'" -fps_mode passthrough shot_041/in/%04d.png
realcugan-ncnn-vulkan -i shot_041/in -o shot_041/out -s 2 -n -1 -m models-se -f png
```

दोन्ही कडांचे आठ-आठ पिक्सेल काळे होते, म्हणून आधी ७०४ वर कापलं. दुप्पट झाल्यावर १४०८ बाय ११५२ होतं, शेवटी ते १४४० बाय १०८० वर आणलं की ४:३ चा आकार बरोबर बसतो. चौपट करून मग खाली आणण्यात काही मिळत नाही. चौपटीत मॉडेल जास्त शोध लावतं, एवढंच.

सरासरीनं घाण किती जाते, याबद्दल भ्रम नको. दोन फ्रेमांवरचे दोष एकमेकांपासून स्वतंत्र असते तर जास्त फायदा झाला असता. पण एमपीईजी-२ मध्ये दुसरी फ्रेम बऱ्याचदा पहिलीचीच नक्कल असते, दोषांसकट. कंपोझिटच्या ठिपक्यांचंही तसंच. पाल या टीव्ही पद्धतीत रंगाच्या लहरीची कला दर फ्रेमला पाव फेरीनं सरकते, म्हणून दोन फ्रेमांच्या सरासरीत ठिपके सुमारे सत्तर टक्क्यांवर येतात, पूर्ण जात नाहीत. लागोपाठ चार फ्रेम स्थिर असतील तर चार पाव मिळून फेरी पूर्ण होते आणि ठिपके एकमेकांना काटतात. म्हणून जिथे चित्र चार किंवा जास्त फ्रेम टिकलं आहे तिथे चाराच्या पटीत सरासरी घेतली. बाकी ठिकाणी सरासरीचा खरा फायदा घाण जाण्यापेक्षा रेघ स्थिर होण्यात आहे.

२५ एप्रिल

वरची आज्ञा शॉट शिस्तीत दोनावर असेल तरच चालते. सगळे शॉट तसे नाहीत. कुठे चित्र तीन फ्रेम टिकतं, कुठे धावताना प्रत्येक फ्रेम नवी. म्हणून प्रत्येक शॉटला 'कोणतं चित्र किती फ्रेम' अशी यादी लागते.

सारख्या फ्रेमा गाळणाऱ्या `mpdecimate` फिल्टरनं यादी काढायचा प्रयत्न केला. त्याच्या मूळ मर्यादांवर दोन उलट चुका झाल्या. गव्हाळ चेहऱ्यावर तपकिरी ओठ हलतात, तो फरक इतका फिका आणि छोटा की फिल्टरला दोन्ही फ्रेम एकच वाटल्या. मुलगा तोंड न हलवता बोलू लागला. दुसरीकडे सरकत्या ठिपक्यांमुळे काही स्थिर फ्रेमाही वेगळ्या ठरल्या. `frac` मूळ ०.३३ असतो, म्हणजे तिसरा हिस्सा चौकोन थोडे बदलले तरी फ्रेम गळू शकते. बोलण्याच्या शॉटना तो ०.०१ केला, आणि फरक पाहण्याआधी चित्राला अगदी हलका धूसर दिला म्हणजे ठिपके दबतात. त्यानंतरही प्रत्येक बोलण्याचा शॉट आवाजासकट डोळ्यांनी तपासला. या तपासणीला पर्याय सापडला नाही.

परत जोडताना कॉन्कॅटची यादी:

```
file 'out/0001.png'
duration 0.08
file 'out/0002.png'
duration 0.12
```

०.०८ म्हणजे दोन फ्रेम, ०.१२ म्हणजे तीन. शेवटची फाइल यादीत दोनदा लिहावी लागते, नाहीतर तिचा टिकण्याचा वेळ धरला जात नाही आणि प्रत्येक शॉटला एखाद-दुसरी फ्रेम कमी पडून आवाज पुढे-मागे होतो.

कॅमेरा सरकतो त्या शॉटमध्ये हा मार्ग बंद. पात्र दोनावर असलं तरी मागचं चित्र दर फ्रेमला हलतं, त्यामुळे कुठल्याही दोन फ्रेम सारख्या नसतात. असे सात शॉट आहेत. त्यांना सरासरी नाही, फक्त रिअल-कुगॅन `-n 0`, आणि थोडी थरथर राहिली ती राहू दिली. मधल्या फ्रेम तयार करून हालचाल गुळगुळीत करायची सूचनाही आली होती. ती नाकारली: दोन चित्रांच्या मधली रेघ यंत्र काढतं तेव्हा हात रबरासारखा ताणला जातो, आणि दोनावरचा ठसका हा काढणाऱ्याचा निर्णय आहे.

३० एप्रिल

मागची चित्रं. ती जलरंगात आहेत: काळी कसदार जमीन, वर तापलेलं पिवळट आभाळ. कागदाचा रवा आणि ब्रशचे फराटे दिसतात. रेघेच्या मॉडेलनं त्यांना कार्टूनचाच सपाट रंग समजून घासून काढलं. आभाळ प्लॅस्टिकच्या ताडपत्रीसारखं झालं. म्हणजे एकाच फ्रेममध्ये दोन जाती आहेत, आणि मागच्या चित्राचा स्वभाव फोटोच्या जवळचा.

शॉट ४१ मध्ये कॅमेरा स्थिर आहे, म्हणून वेगळं करता आलं. ७५ चित्रांतल्या प्रत्येक पिक्सेलची मधली किंमत घेतली. मुलगा चालत पुढे जातो, त्यामुळे कुठलीही जागा तो अर्ध्याहून जास्त वेळ झाकत नाही. मधल्या किमतीत तो नाहीसा होतो आणि मागचं चित्र एकटं उरतं. ते मॉडेलशिवाय, शेजारच्या पिक्सेलांवरून हिशेब करणाऱ्या साध्या स्प्लाइननं मोठं केलं. मग प्रत्येक फ्रेममधून हे मागचं चित्र वजा केलं, जिथे फरक दिसला तिथे मुलगा. त्या आकाराची कड तीन पिक्सेल बाहेर वाढवून मऊ केली. आत रेघेच्या मॉडेलचं चित्र, बाहेर स्प्लाइनचं.

कड वाढवली नाही तर काय होतं तेही दिसलं: रेघेचा बाहेरचा अर्धा भाग मागच्या चित्राच्या बाजूला पडतो आणि मुलाभोवती अर्धी कडक, अर्धी धूसर अशी दुहेरी रेघ येते. शॉट ४४ मध्ये म्हातारी पूर्ण वेळ ओट्यावर बसून आहे, ती मधल्या किमतीत जात नाही. तिथे आकार हातानं काढला. एकदाच काढावा लागला, कारण ती फक्त मान हलवते.

५ मे

पाटीची अक्षरं. सुरुवातीची नावपाटी ४ सेकंद स्थिर आहे, १०० फ्रेम. वाटलं होतं शंभरांच्या सरासरीत घाण दहापट कमी होईल. झाली तिप्पटही नाही. कारण तेच, नक्कल. डीव्हीडीत साधारण १२ फ्रेमांचा एक गट असतो आणि गटाची पहिली फ्रेम तेवढी नव्यानं लिहिली जाते. शंभर फ्रेमांत असे आठच स्वतंत्र नमुने, आणि आठचं वर्गमूळ २.८.

मोठा घोळ अनुस्वाराचा. रिअल-कुगॅन `-n 3` वर 'कांदा' चा 'कादा' झाला. अनुस्वाराचा ठिपका तीन पिक्सेलांचा, आणि एकटा ठिपका म्हणजे घाण हे मॉडेलचं शिक्षण. ही मॉडेलं जपानी शैलीच्या चित्रांवर शिकली आहेत. शिरोरेघेच्या वर सुटा ठिपका असू शकतो आणि त्यानं शब्द बदलतो, हे त्यांना कुठून कळणार. रफाराचा आकडाही शिरोरेघेला चिकटला. `-n -1` वर ठिपके टिकले. तरी नियम केला: अक्षरं असलेला प्रत्येक शॉट, मागच्या दुकानाची पाटी धरून, मुळाशेजारी ठेवून मोठ्यानं वाचायचा.

९ मे

दिवसा यंत्र चालवणं बंद केलं. दुपारी खोलीत ग्राफिक्स कार्ड तापून आपोआप मंद होतं आणि एका शॉटला दुप्पट वेळ लागतो. आता रात्री दहानंतर. वीज जाते हे धरूनच रचना केली आहे: प्रत्येक शॉटचा स्वतंत्र फोल्डर आणि व्हिडिओऐवजी पीएनजी. वीज गेली तर एक शॉट परत करावा लागतो, १४ मिनिटं नाही. चालू असलेली पीएनजी अर्धवट लिहिली जाते आणि काही वेळा उघडतेही, खालचा भाग करडा दाखवून. म्हणून वीज आल्यावर शेवटची फाइल न पाहता पुसायची.

१४ मे

चित्रणाचा भाग. बागेच्या शॉटवर `realesrgan-x4plus` नं फाटक्या पट्ट्यांच्या कडा सुरेख काढल्या. शेंड्याकडची पानं मात्र नव्यानं शोधलेली आहेत, आणि आजोबांची कातडी मेणासारखी. चेहऱ्यावरचा बारीक रवा मॉडेलला घाण वाटतो, पण माणसाच्या डोळ्याला त्या रव्यामुळेच कातडी कातडी वाटते.

तडजोड अशी ठरली: मॉडेलचं चित्र ४० टक्के, स्प्लाइननं मोठं केलेलं मूळ ६० टक्के, आणि वर हलका रवा परत. कार्टूनवर असं मिश्रण चालत नाही. तिथे कडक रेघेखाली धूसर रेघ दिसते आणि सगळ्या रेघांना सावली पडल्यासारखं होतं. चित्रणात ही अडचण येत नाही, कारण तिथे रेघच नाही.

१९ मे

शॉट ४१ ची शेवटची तपासणी. मोठं केलेलं चित्र परत ५७६ ओळींवर आणून मुळातून वजा केलं. फरकाच्या चित्रात रेघांच्या जागी फिका, सारखा करडा हवा. मुलाची बाह्यरेघ तशी आहे. पानाच्या टोकाशी मात्र काळ्या-पांढऱ्या पट्ट्या निघाल्या. तिथे शिरांमधलं अंतर मूळ चित्रातच दोन पिक्सेलांपेक्षा कमी झालं आहे. एवढ्या अंतरावर शीर आणि फट वेगळ्या साठवल्याच जात नाहीत. मॉडेलनं तिथे आठ शिरांच्या पाच केल्या, स्वच्छ आणि ठाम, आणि पान हललं की त्या पाच वेगवेगळ्या जागी बसतात.

तिथे माहितीच नाही, म्हणून मॉडेल बदलून उपयोग नव्हता. टोकाच्या साधारण ६० बाय ४० पिक्सेलांच्या भागाला मऊ मुखवटा लावून स्प्लाइनचं चित्र घेतलं. टोक थोडं धूसर दिसतं, पण हलताना स्थिर आहे. आबांना दाखवलं, त्यांनी तेच ठेवायला सांगितलं.

२३ मे

एकत्र फाइल ५० फ्रेमांवर केली. कार्टूनची प्रत्येक फ्रेम दोनदा, चित्रण जसंच्या तसं. पहिल्या निर्यातीत केळीचा हिरवा रंग बदलला होता. छोट्या चित्राचे रंग ६०१ या मानकाच्या सूत्रानं असतात, १०८० चं चित्र दाखवणारे प्लेअर ७०९ या मानकाचं सूत्र धरतात. पीएनजीवरून परत जाताना `scale=out_color_matrix=bt709` दिलं आणि फाइलवर `-colorspace bt709` अशी खूण केली, मग जुळलं.

जपून ठेवलेलं: डीव्हीडीची न बदललेली प्रत, जोड्या जुळवलेली `toon_p.mkv`, शॉटवार टिकण्याच्या याद्या, शॉट ४४ चा हातानं काढलेला आकार. मोठ्या केलेल्या पीएनजी पुसल्या. एक सुमारे दोन एमबीची धरली तर दहा हजार चित्रांना २० जीबी होतात, आणि याद्या हाताशी असल्या तर त्या दोन रात्रींत परत निघतात. सरकत्या कॅमेऱ्याच्या सात शॉटमधली थरथर तेवढी राहिली आहे.